परतबाईंना कोणी थांबवायचं?

आमच्या सर्जरी वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘परतबाई’. हे नाव मी ठेवलेलं नाही, एवढं आधीच सांगून टाकते. वॉर्डातली बाकीची नावं बहुतेक मीच ठेवलेली आहेत, त्यामुळे कुठलंही नाव निघालं की आळ माझ्यावर येतो. ‘परतबाई’ हे नाव डॉक्टर मंडळींनी ठेवलं. फोनवर त्यांनी काही सांगितलं की ही म्हणायची, “थांबा, परत सांगते,” आणि त्यांनी सांगितलेलं सगळं त्यांनाच ऐकवायची. त्यांनी “हो, बरोबर” म्हटल्याशिवाय फोन ठेवायची नाही. डॉक्टर लोक आधी वैतागले, मग हसले, मग नाव ठेवलं. नाव ठेवलं की माणूस निम्मा पचलाच म्हणायचा.

मी तिच्याबरोबर नर्सिंग शिकले. हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, एकमेकींची भांडणं भांडलो. म्हणजे भांडायचे मी, आणि ती मागे उभी राहून म्हणायची, “अगं, पण त्यांचं म्हणणं काय ते तर ऐक.” आता ती इनचार्ज आहे आणि मी तिच्या हाताखाली स्टाफ नर्स. ड्युटीवर मी तिला मॅडम म्हणते आणि ड्युटी संपली की गाढव म्हणते. तिचं दोन्हींवाचून काही अडत नाही.

हे परत म्हणायचं वेड तिला घरातून आलं. तिचे वडील शिंपी. दुकान एवढंसं, एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला टांगलेले कागदी साचे. वडील गिऱ्हाईकाच्या अंगाला टेप लावून माप बोलायचे आणि ही टेबलाशी बसून लिहायची. पण नुसतं लिहून भागायचं नाही. “बाही तेवीस,” ते म्हणाले की हिने मोठ्याने म्हणायचं, “बाही तेवीस.” ही गप्प राहिली तर ते पुढचं माप बोलायचेच नाहीत, टेप धरून तसेच उभे. गिऱ्हाईक अवघडून जायचं. ते म्हणायचे, “मी काय बोललो ते मला माहीत आहे. हिने काय ऐकलं ते मला कळायला नको? कात्री फिरल्यावर कळून काय उपयोग?” हिला शाळेतल्या कविता पाठ झाल्या नाहीत, पण गल्लीतल्या सगळ्या पुरुषांच्या छातीची मापं तोंडपाठ होती. हे मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगून तिला पुष्कळ छळलं आहे.

वॉर्डात मात्र बरीच वर्षं तिनेही हे कधी लावून धरलं नव्हतं. आमच्याकडे रीत एकच. डॉक्टर बोलणार, नर्स “हो सर” म्हणणार. मोठे सर, म्हणजे आमच्या सर्जरीचे प्रमुख, राउंडला आले की त्यांच्यामागे छोटे डॉक्टर, त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी आम्ही, वरात निघाल्यासारखं. पेशंटजवळ दिवसभर आम्ही, आणि राउंडला पेशंटपासून सगळ्यात लांब कोण, तर आम्हीच. मला याचा संताप यायचा आणि मी तो चहाच्या खोलीत कपांवर काढायचे. कप बिचारे फुटायचे, रीत काही फुटत नव्हती.

मग ते दम्याच्या बाईंचं झालं. आमच्याकडे एक नवीन नर्स आली होती, हुशार पण बुजरी. प्रत्येक वाक्यात ‘जरा’ घालायची. “सर, जरा बघता का”, “मॅडम, जरा सलाइन संपत आलंय”, “जरा माझी ड्युटी बदलून मिळेल का”. मी तिचं नाव ‘जरा’ ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आता शिपाईसुद्धा विचारतो, “जरा सिस्टर आहेत का?” तर या जराने एका दुपारी छोट्या डॉक्टरांना फोन केला, “सर, त्या बाईंना जरा दम लागतोय, जरा बरं वाटत नाहीये त्यांना.” त्यांनी ऐकलं ते ‘जरा’. ते म्हणाले, “ठीक आहे, लक्ष ठेवा.” ही म्हणाली, “हो सर.” लक्ष ठेवलं तिने, अगदी डोळ्यांत तेल घालून ठेवलं, पण परत फोन करायचं धाडस झालं नाही. बाईंना अतिदक्षता विभागात हलवायला उशीर झाला. वाचल्या त्या, पण फार हाल होऊन वाचल्या.

मग काय, डॉक्टर म्हणाले, “मला नीट सांगितलंच नाही.” जरा रडत म्हणाली, “सांगितलं होतं हो.” आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. मी जराची बाजू घेऊन तोंड सोडणार एवढ्यात इनचार्जने मला हाताने अडवलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी बरोबरच घरी निघालो. माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ती म्हणाली, “आमच्या दुकानात एवढी चूक झाली नसती गं.”

दुसऱ्या दिवशी ती थेट मोठ्या सरांच्या खोलीत. मला बरोबर घेऊन गेली, आणि दारातच बजावलं, “तू बोलायचं नाहीस.” मोठे सर माणूस वाईट नाहीत. हात सोन्याचे, जीभ तेवढी कात्रीची.

तिने सांगितलं, “सर, तीन गोष्टी करायच्यात. फोनवर सांगितलेलं प्रत्येक औषध नर्स परत म्हणेल आणि डॉक्टर हो म्हणतील. राउंडला पेशंटजवळची नर्स आधी बोलेल. आणि नर्सला धोका वाटला तर ती ‘जरा’ नाही म्हणणार, ‘मला काळजी वाटते, येऊन बघा’ असं स्पष्ट म्हणेल. ऐकलं नाही तर परत एकदा म्हणेल. तरी नाही ऐकलं तर वरच्या डॉक्टरांना फोन करेल, आणि त्यासाठी तिला कोणी बोलणार नाही.”

सर म्हणाले, “सिस्टर, हे हॉस्पिटल आहे की बालवाडी? मी म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी म्हणायचं?”

“बालवाडीत चूक झाली तर पाटी पुसता येते, सर.”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि राउंडला नर्स आधी बोलणार, म्हणजे माझा वेळ किती जाणार?”

“तुम्ही सकाळी थोडा वेळ येता. ती तिथंच असते. पेशंट दिवसभर कसा होता ते तुम्ही पेशंटला विचारता, तो घाबरून ‘बरा आहे’ म्हणतो. तिला विचारलंत तर वेळ वाचेल तुमचा.”

“करा,” सर म्हणाले. “एक महिना बघू. पण वॉर्डात गोंधळ दिसला तर त्याच दिवशी सगळं बंद. मग माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायचं नाही.”

बाहेर आल्यावर मी तिला पाठीत एक धपाटा घातला.

सुरुवातीला नुसता तमाशा. छोटे डॉक्टर फोनवर म्हणायचे, “हं, आता म्हणा तुमचा पाढा.” आमच्यातल्याच काही जणी कुरकुरल्या की आपण काय पोपट आहोत? राउंडला पहिल्या दिवशी जराची पाळी आली, तर ती अशी गप्प उभी की पेशंटच म्हणाला, “बोला सिस्टर, मी ऐकतोय.” मोठ्या सरांनी घड्याळाकडे बघितलं. इनचार्ज म्हणाली, “सर, ती बोलेल,” आणि थांबली. ती थांबली म्हणून सगळे थांबले. शेवटी जरा पुटपुटली की कालपासून यांना लघवी फार कमी होतेय आणि हे पाणी प्यायला नको म्हणतात. सरांनी चादर बाजूला केली, पोट तपासलं, औषध बदललं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. शाबासकी वगैरे काही नाही. पण पुढच्या पेशंटपाशी ते स्वतःहून थांबले आणि नर्सकडे बघितलं. मी तेवढ्यावर त्यांना अर्धे मार्क देऊन टाकले.

हळूहळू घडी बसली. छोटे डॉक्टर, ते आमचे इंग्रजी शाळेत शिकलेले, मनाने लोण्यासारखे, तेही पाढ्याला सरावले. एकदा त्यांचंच औषध चुकीचं बोललं गेलं होतं, जराने परत म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. “अरे बापरे, नाही नाही, निम्मं!” असं ओरडले आणि नंतर वॉर्डात येऊन तिला चहा विचारून गेले. महिना संपत आला. इनचार्जची मान थोडी ताठ झाली. व्हायलाच हवी होती. चांगलं काम केलं की माणसाने ताठच चालावं, मला वाकून चालणारी चांगली माणसं आवडत नाहीत.

त्याच दिवसांत एकोणतीस नंबरला गवंडीकाका आले. आतडं फुटून आले होते, मोठं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि जराला म्हणाले, “ही भिंत कोणी बांधली? ओळंब्यात नाही.” त्यांची बायको बाकावर बसून असायची. ती म्हणाली, “ऐकू नका त्यांचं. आमच्या घराची एक भिंत वर्षभर अर्धी आहे.” लोकांची घरं बांधून झाली की मग आपलं, असं म्हणत राहिलेली ती भिंत. काका म्हणायचे, घरी गेलो की पहिलं तेच. जरा त्यांची नर्स होती आणि त्या दोघांचं फार जमलं होतं. शेजारी तीस नंबरला निवृत्त पोस्टमनकाका, पायाला सूज येऊन दाखल झालेले. तीस नंबर हा आमच्या वॉर्डाचा शेवटचा बेड, त्याच्या पलीकडे भिंत, ती काकांच्या मते वाकडी.

त्या दुपारी मोठे सर आणि छोटे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. पोस्टमनकाकांच्या पायाच्या सोनोग्राफीत रक्ताची गुठळी दिसली. तसं सरांना आतमध्ये कळवलं गेलं. सरांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू करा. छोट्या डॉक्टरांनी थिएटरमधून वॉर्डात फोन लावला. तोंडावर मास्क, मागे मशीनचा आवाज. फोन इनचार्जने घेतला. मी शेजारी उभी राहून औषधांचं कपाट लावत होते, त्यामुळे तिचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ते म्हणाले, “मॅडम, एक, तीस नंबरला इंजेक्शन सुरू करायचंय.” ‘एक इंजेक्शन, तीस नंबरला’ असं त्यांना म्हणायचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तिला ऐकू आलं, ‘एक तीस’. आता एकतीस नंबरचा बेडच आमच्याकडे नाही. मग तिच्या कानाने आपला आपण हिशेब केला आणि ‘एकोणतीस’ ऐकलं.

ती म्हणाली, “परत सांगते, डॉक्टर. एकोणतीस नंबरला रक्त पातळ करायचं इंजेक्शन, आत्ता लगेच.” औषधाचं नाव आणि डोससुद्धा म्हटला. आणि छोट्या डॉक्टरांना आकडे कळतात ते इंग्रजीत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, हे सगळे त्यांना सारखेच. त्यांनी त्यातलं शेवटचं ‘तीस’ तेवढं ऐकलं आणि म्हणाले, “हो हो, बरोबर.”

म्हणजे बघा, नियम पाळला होता. अगदी काटेकोर पाळला होता. बोलणाऱ्याने सांगितलं, ऐकणारीने परत म्हटलं, बोलणाऱ्याने होकार दिला. आणि तरी इंजेक्शन चाललं होतं चुकीच्या माणसाकडे. तिला डोस मोठा वाटला, हे ती नंतर मला म्हणाली. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून हेच औषध थोड्या डोसमध्ये पुष्कळांना देतात, त्यामुळे औषध वावगं वाटलं नाही. डोसचं म्हणाल तर मोठ्या सरांनी विचार करूनच ठरवला असणार, असं वाटून गेलं तिला. सगळ्या वॉर्डाला ‘विचारा’ म्हणणारी माझी मैत्रीण, पण मोठ्या सरांचं नाव आलं की अजून तिच्याही आत कुठेतरी ‘हो सर’ बसलेलंच होतं.

तिने इंजेक्शन भरलं, माझ्याकडून डोस तपासून घेतला, डोस सांगितला तसाच होता, आणि ट्रे घेऊन निघाली. जरा गवंडीकाकांपाशी उभी होती. काकांची बायको पाणी आणायला गेली होती.

“बाजूला हो,” इनचार्ज म्हणाली, “काकांना इंजेक्शन आहे.”

“कसलं, मॅडम?”

तिने सांगितलं. जरा तिथेच उभी राहिली.

“मॅडम, यांच्या पोटाला लावलेल्या नळीतून सकाळपर्यंत नुसतं गुलाबी पाणी येत होतं. आता लाल येतंय. नाडी पण वाढलीये. मी आत्ता तुम्हालाच सांगायला येत होते.”

इनचार्जने पिशवीकडे ओझरतं बघितलं. बाहेर बुटांचा आवाज झाला. मोठे सर थिएटर आटोपून वॉर्डात येत होते, मागे छोटे डॉक्टर. महिन्याचा शेवटचा आठवडा. वॉर्डात गोंधळ दिसायला नको, हेच तिच्या डोक्यात.

“सरांचा आदेश आहे,” ती म्हणाली. “मी परत म्हणून घेतलाय. हे देऊन टाकू, मग नळीचं त्यांना सांगू. सर बाजूला.” हे ‘सर’ जराला होतं, मोठ्या सरांना नव्हे. एरवी मी हसले असते.

जरा सरली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, “मॅडम, मला काळजी वाटते. डॉक्टरांनी आधी येऊन बघावं.”

आमच्याकडे ज्युनिअर नर्स डॉक्टरांना एक वेळ बोलेल, इनचार्जला नाही. डॉक्टर येतात आणि जातात, इनचार्ज रोज असते, ड्युट्या तीच लावते. मोठे सर दारात येऊन उभे राहिले होते. इनचार्जच्या हातात ट्रे होता आणि तिचा चेहरा असा झाला होता की हिला आता चार लोकांत झापणार, असं मला वाटलं. मी खरंच पुढे पाऊल टाकलं.

जराने परत म्हटलं, यावेळी मोठ्याने. “मला काळजी वाटते. हे इंजेक्शन मी देऊ देणार नाही.”

इनचार्जने ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला. छोट्या डॉक्टरांकडे वळून विचारलं, “डॉक्टर, तुम्ही कोणत्या पेशंटचं इंजेक्शन सांगितलंत? नंबर नको. पेशंट सांगा.”

“पोस्टमन,” ते म्हणाले. “पायात गुठळी आहे ते.” आणि मग त्यांना सगळ्यांची नजर गवंडीकाकांवर खिळलेली दिसली. “थर्टी, मॅडम. तीस. तुम्ही पण तीसच म्हणालात ना?”

मोठे सर पुढे आले, नळीच्या पिशवीकडे बघितलं, काकांचं पोट दाबलं, नाडी धरली. काका म्हणाले, “साहेब, जरा चक्कर येतेय.” सर म्हणाले, “थिएटर तयार करा. रक्त मागवा. आत्ता.” मग धावपळ, ट्रॉली, लिफ्ट. काकांची बायको पाण्याची बाटली घेऊन आली ती रिकाम्या बेडसमोर उभी राहिली. मी तिला धरून बाकावर बसवलं. ट्रेमधलं इंजेक्शन ज्यांचं होतं त्या पोस्टमनकाकांना इनचार्जने नाव विचारून दिलं.

पोटातली एक रक्तवाहिनी सुटली होती. ती बांधली. ते इंजेक्शन आधी गेलं असतं तर रक्त थांबवणं फार अवघड झालं असतं, असं सर स्वतः वॉर्डात येऊन म्हणाले. आधी काकांच्या बायकोला सांगितलं, “वाचले. आता काळजी नाही.” ती मटकन खाली बसली आणि हसू लागली, मग रडू लागली. मग ते आमच्याकडे वळले आणि मला वाटलं, संपलं. परत-सांगा बंद, राउंडला नर्स गप्प, जैसे थे.

“काय सिस्टर,” ते म्हणाले, “हेच ना तुमचं परत म्हणणं? परत म्हणूनसुद्धा पेशंट चुकला.”

इनचार्ज सरळ उभी होती. “हो सर, चुकला. आकडा मी चुकीचा ऐकला आणि डॉक्टरांना तो कळला नाही. ते विचारायला लाजले आणि मी खात्री करून घेतली नाही. आजपासून नुसता नंबर नाही. पेशंटचं नाव, आजार, आणि नंबर सांगायचाच तर एकेक आकडा सुटा. पण पद्धतीचं तिसरं कलम चाललं, सर. हिला काळजी वाटली, हिने म्हटलं, ऐकलं नाही तर परत म्हटलं. न ऐकणारी मी होते.”

हे ती सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मला माझ्या आयुष्यात तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. छोटे डॉक्टर लालबुंद होऊन म्हणाले, “सर, माझीही चूक आहे. मला मराठी आकडे येत नाहीत.”

मोठ्या सरांनी त्यांच्याकडे बघितलं. “मग शीक ना बाबा. नाही तर विचार. डोक्यावर शिंगं उगवतात का विचारलं तर?” आणि इनचार्जला म्हणाले, “महिन्याचं काही बोलू नका आता. चालू राहू दे.” निघाले, परत आले, जरापाशी थांबले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, ते जमेना. शेवटी म्हणाले, “उद्या राउंडला आहेस ना?” ती म्हणाली, “हो सर.” ते म्हणाले, “बरं,” आणि गेले. मी बाकीचे अर्धे मार्कही दिले.

ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत इनचार्ज स्टुलावर बसली होती. बटणं वरखाली लावत होती. मी लावून दिली.

“ती बोलली म्हणून वाचले,” ती म्हणाली.

“बोलली ना? तूच शिकवलंस तिला. मग आता का गळा काढतेस?”

“मी शिकवलं ते डॉक्टरांना सांगायचं. मला सांगायचं मी तिला कधी शिकवलं? ती माझ्यामुळे नाही गं बोलली. मला घाबरत होती आणि तरी बोलली. तिचा चेहरा बघितलास तू?”

मी म्हटलं, “चल, घरी चल,” पण ती उठून वॉर्डाकडेच गेली. मी मागे.

जरा टेबलाशी उभी राहून संध्याकाळच्या नर्सला काय काय सांगायचं ते जमवत होती. आम्हाला बघून अजूनच ताठ झाली.

“आज तू नसतीस तर,” इनचार्ज म्हणाली आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “एक विचारते, खरं सांग. माझ्याशी बोलायची इतकी भीती का वाटते?”

“नाही मॅडम, भीती कसली.”

“खरं सांग म्हटलं ना.”

जराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल गं बाई.

“मॅडम, तुम्ही रागावत नाही कधी. पण काही सांगायला आलं की तुम्ही वर न बघता ‘हं?’ म्हणता. तो ‘हं?’ ऐकला की वाटतं, उगाच आलो. मग आम्ही म्हणतो, काही नाही मॅडम. दम्याच्या बाईंच्या वेळी मी आधी तुमच्याकडेच आले होते. तुम्ही ‘हं?’ म्हणालात, आणि मी परत गेले.”

हे मलाही माहीत नव्हतं. इनचार्जला तर नव्हतंच. तिने टेबलाची कड धरली. मला वाटलं, हिला रडू फुटणार, आणि त्या पोरीपुढे फुटलं तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. पण माझी मैत्रीण शिंप्याची पोर आहे. डोळे भरले होते, तरी नजर जरावरून हलवली नाही.

“मी ‘हं?’ म्हणते,” ती सावकाश म्हणाली, “वर बघत नाही. आणि तुम्ही परत जाता. बरोबर?”

“बरोबर, मॅडम.”

आमच्या वॉर्डात इनचार्जसमोर ज्युनिअर नर्स बसत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मीसुद्धा ड्युटीवर कधी बसलेले नाही. इनचार्जने आपली खुर्ची ओढली, जराच्या मागे नेऊन ठेवली आणि स्वतः उभी राहिली.

“बस,” ती म्हणाली. “आणखी काय काय सांगायचं राहिलंय, ते सगळं सांग.”

जरा बसली. आणि मग ती जी बोलायला लागली, ती संध्याकाळच्या नर्सेस येऊन आमच्याभोवती उभ्या राहिल्या तरी थांबली नाही.